ट्रंकवरची एक ओळ आणि रविवारी थांबलेलं गोदाम: व्यवस्थापनासाठी घटना-अहवाल कसा लिहावा

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला बिघाड दुरुस्त करायला शिकवलं जातं, पण सोमवारी सकाळी त्याच बिघाडाचा अहवाल लिहायला बसवलं की तो अडतो. अहवाल वाचणारी मंडळी स्विच उघडून बघणारी नसतात. गोदामाचे प्रमुख, वित्त विभाग, सुरक्षा अधिकारी आणि कंपनीचे संचालक त्यावरून निर्णय घेतात: पैसे कशावर घालायचे, कोणाला जाब विचारायचा, पुढच्या आठवड्यातलं काम पुढे ढकलायचं का. म्हणून तो कसा लिहायचा, हे एका उदाहरणावरून पायरीपायरीने पाहू. उदाहरण समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली चूक सिस्कोचे स्विच वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीमने कधी ना कधी पाहिलेली असते.

आधी घटना

एका कंपनीच्या आवारात दोन इमारती आहेत, कार्यालय आणि गोदाम. दोन्हींना जोडणारी एकच फायबर आहे आणि तिच्यावर ट्रंक चालतो. म्हणजे एकाच तारेवरून अनेक वेगवेगळी नेटवर्क, म्हणजेच व्हीलॅन, शेजारी-शेजारी जातात. व्हीलॅन १० संगणकांसाठी, २० फोनसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी, ४० हातातल्या बारकोड स्कॅनरांसाठी आणि ९९ स्विच व वायफाय यंत्रणा हाताळण्यासाठी. शनिवारी रात्री गोदामात हजेरीची नवी बायोमेट्रिक मशीन बसवायची होती. तिच्यासाठी व्हीलॅन ६० नव्याने ट्रंकवर घ्यायचा होता.

इंजिनिअरने रात्री १०:३० ला मॉनिटरिंगमध्ये गोदामाच्या स्विचचे अलर्ट बंद ठेवले, सोमवारी सकाळी ८ पर्यंत. १०:४५ ला गोदामाच्या स्विचवर ६० जोडला, अगदी बरोबर. १०:५२ ला कार्यालयातल्या कोअर स्विचवर तेच काम करताना हे टाइप झालं:

```
interface TenGigabitEthernet1/0/1
 switchport trunk allowed vlan 60
```

हवं होतं ते असं:

```
 switchport trunk allowed vlan add 60
```

`add` असेल तर यादीत भर पडते. नसेल तर जुनी यादी जाते आणि दिलेली नवी यादी तिच्या जागी बसते. स्विच खात्री करून घेत नाही, इशाराही देत नाही. त्या क्षणी १०, २०, ३०, ४० आणि ९९ हे पाचही व्हीलॅन त्या तारेवरून उतरले. लिंक मात्र चालूच राहिली आणि पोर्टचा दिवा हिरवाच. इंजिनिअर कोअरवर काम करत होता, त्यामुळे त्याचं स्वतःचं सेशनही तुटलं नाही. त्याने बायोमेट्रिक मशीनला पिंग केलं, उत्तर आलं. यायलाच हवं होतं, कारण चालू राहिलेला एकमेव व्हीलॅन तोच होता. त्याने कॉन्फिग सेव्ह केलं आणि ११:०५ ला काम पूर्ण म्हणून टिकेट बंद केलं.

रविवारी सकाळी ६ ला पाळी सुरू झाली. ६:१२ ला पहिला फोन आला, ‘स्कॅनर चालत नाहीत’. हेल्पडेस्कने टिकेटवर ‘वायफायचा प्रॉब्लेम’ असं लिहिलं. ऑन-कॉल इंजिनिअरने ७:०५ ला वायफाय कंट्रोलर रीस्टार्ट केला, ७:५० ला गोदामातल्या सुरक्षारक्षकाकडून स्विचची पॉवर बंद-चालू करवून घेतली. ८:३० ला सिनिअर जोडले गेले. ९:३३ ला कोअरवरचा ट्रंक कोणीतरी पाहिला, ९:४१ ला यादी पूर्ववत झाली, १०:१० पर्यंत सगळं तपासून झालं.

आता सोमवार. अहवाल तुमच्याकडे आला आहे.

पायरी १: लिहायच्या आधी पुरावा उचला

पहिलं काम लिहिण्याचं नाही, नोंदी उचलून ठेवण्याचं. सिस्को स्विचच्या मेमरीतला लॉग रीस्टार्टनंतर उरत नाही. आपल्या उदाहरणात गोदामाचा स्विच ७:५० ला बंद-चालू केला गेला, म्हणजे त्याच्याकडची रात्रीची हकिगत पुसली गेली. एरवी लॉग सर्व्हरवर प्रत राहिली असती, पण सर्व्हरकडे जाणारा रस्ता व्हीलॅन ९९ चा होता आणि तोच कापला गेला होता. ही उणीव अहवालात लिहायची. ‘शनिवारी १०:५२ पासून रविवारी ७:५० पर्यंत गोदामाच्या स्विचच्या नोंदी उपलब्ध नाहीत, कारण असं-असं’ हे वाक्य वाचून कोणी रागावत नाही. ते नसलं आणि नंतर ऑडिटरने विचारलं, तर मात्र अवघड होतं.

कोअर स्विचवर नोंद मिळते ती साधारण अशी:

```
Jun 14 17:22:31.407 UTC: %SYS-5-CONFIG_I: Configured from
console by netops2 on vty0 (10.10.5.21)
```

या एका ओळीत नवख्या माणसासाठी दोन खड्डे आहेत. पहिला वेळेचा. स्विच यूटीसीत बोलतोय आणि आपली वेळ त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणजे १७:२२ म्हणजे रात्रीचे १०:५२. हेल्पडेस्कचं टिकेट भारतीय वेळेत, मॉनिटरिंगचा आलेख कदाचित तिसऱ्याच सेटिंगमध्ये. सगळं एकदा भारतीय वेळेत आणून एका कागदावर मांडा आणि अहवालाच्या वरच लिहा की सर्व वेळा भारतीय आहेत. नाहीतर संध्याकाळी ५:२२ ला कोणी बदल केला याची चौकशी सुरू होते.

दुसरा खड्डा असा की ही ओळ आदेश टाइप केल्याची वेळ दाखवत नाही. कॉन्फिग मोडमधून बाहेर पडल्यावर ती उमटते. एखादा माणूस आदेश देऊन दहा मिनिटं तसाच बसला, तर दहा मिनिटांचा फरक पडतो. नेमका आदेश आणि त्याची वेळ हवी असेल तर `show archive log config all` पाहावं लागतं, पण ती सोय आधी चालू केलेली असेल तरच. चालू नसेल तर पोर्टवरच्या ट्रॅफिकचा आलेख कामी येतो: कॅमेऱ्यांचा अखंड प्रवाह ज्या मिनिटाला कोसळला, ते मिनिट. लॉग आणि आलेख जुळले तर १०:५२ लिहा. नाही जुळले तर ‘सुमारे’ लिहा, लाज वाटू देऊ नका.

मग ट्रंकची आधीची आणि नंतरची स्थिती. दुरुस्तीच्या वेळी कोणी `show interfaces trunk` चं आउटपुट चॅटवर टाकलं असेल तर ते शोधून काढा:

```
Port        Vlans allowed on trunk
Te1/0/1     60
```

जुनी यादी कालच्या कॉन्फिग बॅकअपमध्ये सापडेल. हे दोन तुकडे म्हणजे तुमचा मुख्य पुरावा. त्यांना परिशिष्टात जागा द्या, पहिल्या पानावर नको.

पायरी २: वेळ तोडून पाहा

बहुतेक अहवालात घटनाक्रमाचा तक्ता असतो आणि तिथेच थांबतो. तक्ता हवाच, पण त्यानंतर एक बेरीज-वजाबाकी करा, कारण पुढचा सगळा अहवाल तिच्यावर उभा राहतो.

बंद सुरू झाला १०:५२ ला, संपला ९:४१ ला. एकूण १० तास ४९ मिनिटं. यात बिघाड झालाय हे कोणालाच माहीत नव्हतं असा काळ ७ तास २० मिनिटं, ६:१२ पर्यंत. माहीत होतं पण कारण सापडलं नव्हतं असा काळ ३ तास २१ मिनिटं, ९:३३ पर्यंत. प्रत्यक्ष दुरुस्ती ८ मिनिटं.

व्यवस्थापनाला हे तीन आकडे नुसत्या तक्त्यापेक्षा जास्त सांगतात. चुकीचा आदेश एका सेकंदाचा, त्याची दुरुस्ती आठ मिनिटांची. उरलेला सगळा वेळ न कळण्यात आणि न सापडण्यात गेला. तेव्हा अहवालात जागाही त्याच प्रमाणात वाटा. दोन पानं टाइप करण्याच्या चुकीवर आणि दोन ओळी बंद ठेवलेल्या अलर्टवर, असा अहवाल वाचणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी पैसे घालायला लावतो.

पायरी ३: परिणाम त्यांच्या भाषेत, त्यांच्याच आकड्यांनी

‘व्हीलॅन ४० बंद होता’ हा परिणाम नव्हे. ‘सकाळी ६ ते ९:४१ स्कॅनिंग होऊ शकलं नाही, त्या वेळात माल कागदावर नोंदवून घेतला’ हा परिणाम. किती गाड्या उशिरा सुटल्या हा आकडा गोदाम प्रमुखांकडून मागवून घ्या आणि त्यांच्या नावावरच लिहा. आयटीने दुसऱ्या विभागाचं नुकसान आपल्या अंदाजाने लिहिलं की तो विभाग बैठकीत पहिल्यांदा त्या आकड्यावरच तुटून पडतो.

इथे एक गोष्ट नवीन माणसाच्या हातून हटकून सुटते. पहिली तक्रार ६:१२ ची आहे म्हणून तो बंदची सुरुवातही ६ वाजता धरतो. पण गोदामात रात्री माणसं नसली तरी कॅमेरे होते. रेकॉर्डर कार्यालयाच्या इमारतीत, कॅमेरे गोदामात, मधला व्हीलॅन ३० कापलेला. म्हणजे शनिवारी रात्री १०:५२ पासून रविवारी ९:४१ पर्यंतचं चित्रीकरण रेकॉर्डरवर नाही. रात्रभर भरलेलं गोदाम आणि चित्रीकरण नाही, ही सुरक्षा अधिकाऱ्यासाठी स्कॅनरपेक्षा मोठी बातमी आहे. विमा कंपनीशी करार असेल तर तिथेही विचारणा होऊ शकते. कॅमेऱ्यांमध्ये मेमरी कार्डं असतील तर त्यावर काही उरलं आहे का ते लगेच पाहा, कारण कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं. अहवालात एक वेगळा परिच्छेद याला द्या. तो तुम्ही दिला नाही आणि महिन्याभराने मालाची तूट निघाली, तर आयटीने लपवलं असाच अर्थ निघेल.

फोनबद्दल एक वाक्य पुरे. आग किंवा अपघाताच्या वेळी लागणारा फोन त्यात होता का, तेवढं मात्र विचारून घ्या.

पायरी ४: कारण

आता मुख्य भाग. इथे तीन प्रकारची वाक्यं लिहिली जातात आणि तिन्ही निरुपयोगी असतात.

पहिलं: ‘तांत्रिक कारणांमुळे सेवा खंडित झाली.’ हे वीज मंडळाच्या सूचना-फलकावर शोभतं, अहवालात नाही. दुसरं: ‘कोअर स्विचवरील Te1/0/1 च्या अलाउड व्हीलॅन लिस्टमधून १०, २०, ३०, ४०, ९९ प्रून झाले.’ खरं आहे, पण संचालकांना यातून काहीच कळत नाही. शिवाय प्रून होणं ही वेगळी प्रक्रिया आहे, इथे यादीच बदलली होती. तिसरं: ‘संबंधित अभियंत्याच्या निष्काळजीपणामुळे.’ हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात जास्त वापरलं जातं.

लिहायचं ते असं, उदाहरणार्थ:

> दोन इमारतींमधल्या तारेवरून कोणकोणती नेटवर्क जाऊ द्यायची याची यादी स्विचमध्ये असते. गेटवरच्या वॉचमनकडे आत सोडायच्या लोकांची यादी असावी, तशी. शनिवारी या यादीत एक नवीन नाव वाढवायचं होतं. दिलेल्या आदेशात ‘वाढवा’ असा अर्थ देणारा शब्द राहून गेला, त्यामुळे जुनी यादी रद्द होऊन एकाच नावाची नवी यादी लागू झाली. संगणक, फोन, कॅमेरे आणि स्कॅनर यांची वाहतूक त्या क्षणापासून अडली.

एवढ्यावर तांत्रिक कारण संपलं. याहून जास्त खोलात पहिल्या पानावर जाऊ नका.

त्यानंतर स्वतंत्र परिच्छेदात: ही चूक घडू का शकली, आणि घडल्यावर कळली का नाही. इथे माणसाच्या नावाऐवजी भूमिका लिहा, ‘बदल करणारा अभियंता’, ‘ऑन-कॉल अभियंता’. लपवण्यासाठी नाही. नाव आलं की वाचणाऱ्याचं लक्ष तिथे थांबतं आणि पुढचं वाचलं जात नाही. कोणी थेट विचारलं तर विभागप्रमुखांनी तोंडी सांगावं, लॉगमध्ये ते आहेच.

आपल्या उदाहरणात एक गोष्ट फार बोलकी आहे. त्याच इंजिनिअरने सात मिनिटं आधी दुसऱ्या स्विचवर तोच आदेश `add` सह बरोबर दिला होता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे वाक्य अहवालात आलंच पाहिजे, कारण त्यामुळे ‘प्रशिक्षण द्या’ हा हमखास येणारा उपाय बाद होतो. माहीत असलेली गोष्ट हातून सुटली. पुढच्या वेळी दुसऱ्या जाणकार माणसाच्या हातूनही सुटेल. आदेशाची रचनाच तशी आहे. यादी फार लांब असेल तर सिस्कोचा स्विच ती कॉन्फिगमध्ये दोन ओळींत तोडून दाखवतो, पहिली ओळ `add` शिवाय, दुसरी `add` सह. बॅकअपमधली नुसती पहिली ओळ कॉपी करून डकवली तरी उरलेले व्हीलॅन जातात. हे तुमच्यासाठी, अहवालासाठी नाही.

कळलं का नाही, याची तीन कारणं आहेत. अलर्ट सोमवारपर्यंत बंद ठेवले होते, काम अर्ध्या तासाचं असताना. गोदामाचा स्विच मॉनिटरिंगवर १०:५२ लाच लाल झाला असणार, पण तो लाल झाल्याचा संदेश कोणाला गेला नाही. दुसरं, चाचणी फक्त नव्या व्हीलॅनची झाली, जुन्यांपैकी एकाचीही नाही. तिसरं सकाळचं: ऑन-कॉल इंजिनिअरला रात्री ट्रंकवर काम झालंय हे माहीतच नव्हतं. टिकेटचं शीर्षक होतं ‘बायोमेट्रिक मशीन जोडणी’, त्यात कोअर स्विचचा उल्लेख नव्हता. स्कॅनर बंद, ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरला दिसत नाहीत, मग वायफायचा संशय येणं स्वाभाविक होतं. फोन आणि कॅमेरेही बंद आहेत का, हा एक प्रश्न ६:१२ ला विचारला गेला असता तर वायफाय त्याच मिनिटाला संशयातून सुटलं असतं, कारण तारेवरच्या फोनचा वायफायशी संबंध नाही.

या पद्धतीचा जाहीर नमुना पाहायचा असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम काही तास बंद पडले होते, त्यानंतर कंपनीने दिलेलं स्पष्टीकरण वाचा. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. असे आदेश अडवणारी तपासणीची यंत्रणा होती, पण तिच्यातल्या दोषामुळे तो आदेश अडला नाही, हे त्यांनी सरळ लिहिलं. आदेश देणारा कोण, याची चर्चा त्यात नाही.

पायरी ५: उपाय, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न

प्रत्येक सुचवलेल्या उपायाला विचारा: शनिवारी तो असता तर हा बंद टळला असता का, किंवा किती मिनिटांनी कमी झाला असता? या प्रश्नावर नेहमीचे बरेच उपाय गळतात.

स्वतःहून मागे फिरणाऱ्या कॉन्फिगचंच घ्या. सिस्कोत `configure terminal revert timer 10` दिलं की दहा मिनिटांत `configure confirm` न आल्यास स्विच जुन्या कॉन्फिगवर परततो (त्यासाठी `archive` मध्ये जागा ठरवून दिलेली असावी लागते). ही सोय चांगली आहे आणि रिमोट कामात वापरावीच. पण आपल्या घटनेत तिने काही वाचवलं नसतं. इंजिनिअरचं सेशन तुटलं नव्हतं, चाचणी यशस्वी दिसत होती, त्याने खुशाल कन्फर्म केलं असतं. हे न तपासता अहवालात टाकलं, आणि तीन महिन्यांनी तीच चूक पुन्हा झाली, तर तुमच्या पुढच्या अहवालावर कोण विश्वास ठेवेल?

दुसऱ्या माणसाची मंजुरीही तशीच. टिकेटमध्ये ‘व्हीलॅन ६० जोडणे’ असं बरोबरच लिहिलं होतं आणि मंजूरही झालं असतं. मंजुरीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा टिकेटमध्ये नेमके आदेश लिहिलेले असतील आणि तेच डकवले जातील.

टिकणारे उपाय माझ्या मते चार. पहिला, बदलाआधी आणि नंतर `show interfaces trunk` चं आउटपुट घेऊन दोन्ही टिकेटला जोडणं, आणि दोन्हींत फरक अपेक्षेइतकाच आहे हे पाहिल्याशिवाय टिकेट बंद न होणं. `10,20,30,40,99` च्या जागी नुसतं `60` दिसलं असतं तर तीन मिनिटांत कळलं असतं. पैसे लागत नाहीत, म्हणून हा आजपासून. दुसरा, अलर्ट बंद ठेवायची मुदत काम संपायच्या वेळेपेक्षा एक तासाहून जास्त ठेवता येणार नाही अशी मॉनिटरिंगमध्ये मर्यादा. हा उपाय चूक टाळत नाही, पण ७ तास २० मिनिटांवर थेट घाव घालतो. तिसरा, ऑन-कॉल माणसाला गेल्या २४ तासांतल्या बदलांची यादी उपकरणांच्या नावांसह मिळणं.

चौथा खर्चिक आणि जास्त वादाचा: स्विचवर दिला जाणारा प्रत्येक आदेश मध्यवर्ती टॅकॅक्स प्लस सर्व्हरला विचारून चालवणं आणि `add` किंवा `remove` नसलेला ट्रंक-यादीचा आदेश नाकारणं. याने चूक मुळात अडते. पण नवीन स्विच बसवताना पहिली यादी याच आदेशाने द्यावी लागते, तेव्हा त्यासाठी वेगळी परवानगी ठेवावी लागेल, आणि हे काम आठवड्याभरात होत नाही. अहवालात तसं लिहा. कंपनीत ज्युनिपरची उपकरणंही असतील तर नियम तसाच्या तसा लावू नका. तिथे `set` ने व्हीलॅन दिला की तो आधीच्यांत भर घालतो, चुकीचं रूपच वेगळं असतं.

प्रत्येक उपायापुढे जबाबदार पद आणि तारीख. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नाही.

पायरी ६: पहिला परिच्छेद शेवटी लिहा

अनेक जण फक्त तेवढाच वाचतील. मी तो असा लिहीन:

> रविवार, १५ जून रोजी सकाळी ६ ते ९:४१ गोदामातील स्कॅनर, फोन आणि संगणक बंद होते. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण शनिवारी रात्री १०:५२ पासूनच बंद होतं. कारण: शनिवारी रात्री नवीन हजेरी मशीनसाठी केलेल्या नेटवर्क बदलात कोअर स्विचवर चुकीचा आदेश दिला गेला. अलर्ट बंद ठेवलेले असल्याने बिघाड ७ तास २० मिनिटं लक्षात आला नाही. सेवा पूर्ववत आहेत. बाहेरून कोणी शिरकाव केल्याचं तपासात आढळलं नाही. रात्रीचं चित्रीकरण परत मिळेल का, हे बुधवारपर्यंत कळवू.

शिरकावाबद्दलचं वाक्य सवयीने लिहू नका. बदल कोणत्या खात्यातून झाला, ते लॉगइन कोणत्या पत्त्यावरून आलं, तो पत्ता इंजिनिअरच्याच मशीनचा आहे का, इतकं पाहूनच लिहा. यामागे कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि कोणीतरी बैठकीत तो प्रश्न काढतोच. आपल्याच अधिकृत माणसाने चुकून दिलेला आदेश हा हल्ला नव्हे, पण कळवायचं की नाही हा निर्णय माहिती-सुरक्षा प्रमुखांचा आहे. अहवालात तुम्ही तथ्य द्या आणि निर्णय कोणी, केव्हा घेतला ते नोंदवा. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि उपकरणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. गोदामाच्या स्विचच्या पुसलेल्या नोंदींचा मुद्दा इथे पुन्हा वर येईल, तेव्हा त्याचं उत्तर तयार असू द्या.

पाठवण्याआधी मसुदा तीन जणांना दाखवा. बदल करणाऱ्या इंजिनिअरला, घटनाक्रम बरोबर आहे का म्हणून. गोदाम प्रमुखांना, फक्त परिणामाच्या भागासाठी. आणि नेटवर्कमधलं काहीही न कळणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला. त्याला पहिला परिच्छेद वाचायला देऊन ‘काय झालं सांग’ असं विचारा. तो ‘वायफाय गेलं होतं’ म्हणाला तर परिच्छेद पुन्हा लिहा.

मुख्य मजकूर दोन पानांत बसावा, लॉग आणि आउटपुट परिशिष्टात. आवृत्ती क्रमांक घाला, कारण बुधवारी कॅमेऱ्यांची माहिती आल्यावर दुसरी आवृत्ती निघणारच आहे. तिच्यात बदललेली ओळ वेगळी दाखवा, गुपचूप बदलू नका. उपायांच्या पहिल्या तारखेला, म्हणजे अलर्टची मर्यादा लागू होईल त्या दिवशी, एका चाचणी-स्विचचे अलर्ट मुद्दाम बंद ठेवून पाहा, ते तासाभरात आपोआप चालू होतात का. त्या चाचणीचा स्क्रीनशॉट अहवालाच्या त्याच धाग्यात पाठवा आणि मगच तो उपाय ‘पूर्ण’ म्हणून नोंदवा.